किशोरवयीन मुलांसाठी डॉक्टर हवेत

रुचा (ए विंग): नमस्कार. नववीतल्या मुलासाठी चांगले मानसोपचारतज्ज्ञ कुणी सुचवेल का? पंधरा दिवस झाले, रात्रभर जागा असतो. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं.

प्रकाशकाका: बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला मागच्या वर्षी असंच झालं होतं. तिच्या आईला विचारा. आता छान आहे ती.

संजय (काकांच्या मेसेजला रिप्लाय): हो का? कळलंच नाही आम्हाला!

मेधाताई: काका, तुम्ही चांगल्या मनानंच लिहिलंत, पण आधी तो मेसेज सर्वांसाठी डिलीट करा. नाव नसलं तरी आपल्या चाळीस घरांत विंग, मजला आणि मुलगी एवढं सांगितलं की घर कळतं. संजय, तुमचा रिप्लायही काढा. काकांनी मूळ मेसेज काढला तरी तुमच्या रिप्लायच्या वर तो मजकूर तसाच दिसत राहतो.

प्रकाशकाका: काढला. पण मग या बाईंना मदत करायची कशी? त्या माउलीनं सगळं निस्तरलंय, तिच्याइतकं कोण सांगणार?

मेधाताई: काका, कुणाचाही अनुभव उपयोगी पडेल असं वाटलं तर आधी त्यांना एकट्यांना फोन करायचा. "तुमचा नंबर देऊ का" असं विचारलं की माणूस भिडेपोटी हो म्हणतो. त्याऐवजी रुचाची परवानगी घेऊन तिचाच नंबर त्यांना द्यायचा आणि वाटलं तर फोन करा म्हणायचं. नाही केला तर रुचाला कळणारही नाही की कुणाला विचारलं होतं.

रुचा, मला माहीत असलेल्या डॉक्टरांचं नाव तुम्हाला वेगळं पाठवते. सोबत दवाखान्याच्या पाटीवरचा नंबर देते, त्यांचा खासगी मोबाइल नाही. किशोरवयीन मुलं पाहतात, अपॉइंटमेंट लागते, पहिल्या भेटीत आईवडिलांशी वेगळं बोलतात. कोण तिथे जातं, ते मी सांगणार नाही. तोवर रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर लावा. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

आणि एक, रागावू नका. तुमच्या मेसेजमधून नववी, झोप आणि पोटदुखी काढा. त्याच्या वर्गातल्या मुलांच्या आया याच ग्रुपवर आहेत, उद्या बसमध्ये कुणी त्यालाच विचारेल. पंधरा मिनिटांच्या आत असाल तर एडिट होईल, नाहीतर डिलीट करून नव्यानं टाका.

रुचा: रागावते कशाला, ताई. घाबरून लिहिलं, त्याचा विचारच केला नाही.

*हा मेसेज डिलीट केला गेला*

रुचा: किशोरवयीन मुलांसाठी मानसोपचारतज्ज्ञ सुचवायचे असतील तर कृपया मला थेट मेसेज करा.

प्रकाशकाका: मेधा, खाली पार्किंगमध्ये आहेस का? त्या घरी जाऊन माफी मागायची आहे, सोबत येशील?