नाकातला स्टेरॉइड स्प्रे : एकाच नाकपुडीतून रक्त, मदत हवी आहे

ॲलर्जीच्या सर्दीसाठी फ्लुटिकासोनचा स्प्रे सुरू आहे, रोज सकाळी. आज नववा दिवस. शिंका कमी झाल्यात, नाक अजून चोंदतं. पूर्ण गुण यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, त्यामुळे त्याची घाई नाही.

पण परवापासून नाक शिंकरलं की रुमालावर रक्ताची बारीक रेघ दिसते, तीही फक्त उजवीकडून. आरशात पाहिलं तर काय, उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारताना नळीचं टोक थेट मधल्या पडद्यावरच! आता त्या बाजूला डावा हात वापरतेय, मान किंचित खाली, टोक उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, आणि जोरात हुंगत नाही.

पडदा भरून येईपर्यंत उजवीकडे दोन-तीन दिवस नुसतं सलाइन मारलं तर आतापर्यंतचा गुण जाईल का? कोणी असं केलंय?