मदत हवी आहे: मोठ्या आजारपणानंतर पुन्हा अर्ज करतेय, कव्हर लेटरमध्ये किती सांगू?

निळीशाई
नमस्कार मंडळी. अकाउंट्समध्ये ९ वर्षं काम केलंय. मग मोठं आजारपण आलं, नोकरी सोडावी लागली, त्याला आता २२ महिने झाले. डॉक्टरांनी पूर्णवेळ कामाला हरकत नाही असं सांगितलंय आणि गेले ४ महिने एका छोट्या व्यवसायाचे हिशेब घरून बघतेय, म्हणजे महिनाअखेरचं क्लोजिंग, बँक रिकन्सिलिएशन, येणी-देणी सगळं. आता सीनियर अकाउंटंटच्या जागेसाठी अर्ज करायचाय. पत्र इंग्रजीत जाईल पण मजकूर इथे मराठीत टाकते, सुरुवातच अशी केलीय:

"गेली जवळजवळ दोन वर्षे मी दुर्दैवाने गंभीर आजाराशी झुंजत होते. दोन शस्त्रक्रिया व दीर्घ उपचारांमुळे नाइलाजाने नोकरी सोडावी लागली. हा काळ माझ्यासाठी व कुटुंबासाठी अतिशय कठीण होता. परंतु आता मी पूर्णपणे बरी झाले असून पुन्हा असा खंड पडणार नाही याची खात्री देते. कृपया एक संधी द्यावी."

बहिणीला वाचून दाखवलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेव्हाच मला वाटलं की हे अर्जाचं पत्र राहिलेलंच नाही. पण कमी करायला गेले की काहीतरी लपवतेय असं वाटतं. काय ठेवू, काय काढू?

कोराकागद
अजिबात काही लिहू नका ताई. रेझ्युमेमध्ये महिने काढा, नुसती वर्षं ठेवा, गॅप दिसतच नाही. तब्येत हा तुमचा खाजगी मामला आहे, कुणाला सांगायला बांधील नाही तुम्ही.

रानफूल
रजेवरून परत रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि रुजू व्हायची तारीख बघून घ्या. माझ्या मिस्टरांचं शिक्का नाही म्हणून परत पाठवलं होतं.

निळीशाई
रानफूलताई, रजा नाहीये हो, जुनी नोकरी सुटलीच. हा नवीन ठिकाणचा अर्ज आहे.

टेबलपलीकडून
मी बरीच वर्षं अकाउंट्सच्या माणसांची निवड करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कोराकागद यांचं. आजाराचं नाव, शस्त्रक्रिया हे खाजगी आहे, ते सांगू नये, हे बरोबर. पण नुसती वर्षं टाकून एवढा मोठा खंड झाकला जात नाही. ऑनलाइन फॉर्म बहुतेक वेळा महिना आणि वर्ष दोन्ही मागतो, आणि फॉर्म वेगळं बोलतोय, रेझ्युमे वेगळं, हे दिसलं की मनात शंका येते. आजारपणाने आली नसती ती शंका या तफावतीने येते.

आता तुमचं पत्र. तुम्ही स्वतःचंच गणित चुकवलंय. खंड २२ महिन्यांचा नाहीच, १८ चा आहे, कारण शेवटचे ४ महिने तुम्ही काम करताय! आणि तेच काम या पत्रात कुठेच नाही. वाचणाऱ्याला एकच जाणून घ्यायचं असतं, ही बाई आज बसून महिन्याचं क्लोजिंग वेळेत काढू शकेल का. त्याचं उत्तर तुमच्याकडे ताजं आहे, आणि तुम्ही मात्र हॉस्पिटलचं सांगताय.

"पुन्हा असा खंड पडणार नाही याची खात्री देते" हे वाक्य आधी काढा. एक तर अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात तोवर नसलेला प्रश्न तुम्हीच घालता. "दुर्दैवाने", "नाइलाजाने", "एक संधी द्यावी" यांनी तुम्ही उमेदवार न राहता विनंती करणाऱ्या होता. "पूर्णपणे बरी झाले"ऐवजी "पूर्णवेळ कामासाठी तयार आहे" म्हणा. बरं होणं हा डॉक्टरांचा विषय, तयार असणं हा नोकरीचा.

जागाही बदला. पहिला परिच्छेद कामाचा, ९ वर्षांत काय सांभाळलं आणि या जाहिरातीशी ते कसं जुळतं. दुसऱ्यात सध्याचं काम. मग हे येऊ द्या:

"आरोग्याच्या कारणामुळे मी १८ महिने नोकरीपासून दूर होते. गेले ४ महिने एका व्यवसायाचे मासिक हिशेब सांभाळत असून आता पूर्णवेळ कामासाठी तयार आहे. निवड कळवल्यापासून एका आठवड्यात रुजू होऊ शकेन."

एवढंच. यानंतर आजाराबद्दल एक शब्दही नको. तारीख मुद्दाम घातली नाही, कारण निवड लांबली की पत्रातली तारीख उलटून जाते.

मध्यंतर
माझंही असंच झालं होतं, गॅप साधारण वर्षाचा. मी पत्रात सगळं लिहिलं, आणि मग मुलाखतीत अर्धा वेळ त्यावरच गेला, समोरच्या मॅडमना त्यांच्या भावाचा आजार आठवला, त्या फार आपुलकीने बोलल्या, पण कामाचं विचारायचं राहूनच गेलं आणि मला काही ते मिळालं नाही. पण माझा प्रश्न वेगळाय. मला आजही पूर्ण दिवस झेपत नाही, दुपारनंतर अंगातलं त्राणच जातं. मी "पूर्णवेळ तयार" कसं लिहू?

टेबलपलीकडून
मध्यंतर, लिहू नका. जे झेपतं तेच लिहा, "आठवड्याला २५ तासांपर्यंत, सकाळच्या वेळेत उपलब्ध". कारण लिहायची गरज नाही. आणि अर्धवेळ चालेल अशाच जाहिरातींना हे पत्र पाठवा. पूर्णवेळ लिहून जायचं आणि दुसऱ्या आठवड्यात तास कमी मागायचे, यात नोकरीही जाते आणि तब्येतही.

निळीशाई
खूप आभार दादा. १८ महिने हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी स्वतःला अजून आजारीच धरून चालले होते. पहिला परिच्छेद आता असा केला: "९ वर्षांच्या अनुभवात मी दरमहा क्लोजिंग, ऑडिटची तयारी आणि तीन जणांच्या टीमचं काम पाहिलं आहे." त्याखाली तुमची तीन वाक्यं.

दोन शंका राहिल्या. दर ३ महिन्यांनी अर्धा दिवस तपासणीला जावं लागतं, ते लिहू का? आणि मुलाखतीत "नक्की काय झालं होतं" विचारलं तर?

टेबलपलीकडून
तीन महिन्यांतून अर्धा दिवस पत्रात नको, "पूर्णवेळ" त्याने खोटं ठरत नाही. ऑफर हातात आल्यावर, रुजू व्हायच्या आधी सांगा, आणि तपासणी महिनाअखेरच्या दिवसांत येणार नाही असं बघा. मुलाखतीत विचारलं तर "उपचार झाले, कामाला हरकत नाही, आणि ४ महिने काम चालू आहे" असं म्हणून थेट सध्याच्या कामावर या. त्याआधी घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा, पहिल्यांदा म्हणताना आवाज कापतो.

कोराकागद
फॉर्म आणि रेझ्युमेच्या तफावतीचं पटलं. पण "आरोग्याच्या कारणामुळे" हे शब्द मला अजून नको वाटतात. "वैयक्तिक कारणामुळे" चाललं नसतं का?

टेबलपलीकडून
चालतं, खोटंही नाही. माझा अनुभव असा की "वैयक्तिक" वाचून माणूस अंदाज बांधत बसतो, "आरोग्य" वाचून पुढे जातो. पण माझ्याच ऑफिसातल्या एका सहकारी बाई तुमच्याच मताच्या आहेत, त्यांना आरोग्य हा शब्द पत्रात दिसला की वाईट वाटतं, उमेदवाराने एवढंही सांगायला नको म्हणतात. ज्याचा अर्ज त्याने ठरवावं.

निळीशाई
मी "आरोग्य" ठेवतेय, मला तेच खरं वाटतं. आज रात्री पाठवते.