काठाच्या प्रिंटमध्ये जोड दिसतोय, मदत हवी आहे

साडीच्या काठासाठी कोयरी आणि वेलीचं डिझाइन केलंय. रोटरी स्क्रीनचा घेर 64 सेंमी, माझा रिपीट 18 सेंमी. तीन रिपीट बसून 10 सेंमी उरतात, म्हणून चौथी कोयरी दाबून बसवली. आता नमुन्याचं कापड पसरून लांबून पाहिलं की दर 64 सेंमीवर वेल आखडलेली दिसते, आणि एकदा दिसली की नजर तिथेच जाते.

रिपीट 16 सेंमी केला तर चार नेमके बसतात. पण कोयरी 11 टक्के लहान होते, तिच्या पोटातली बारीक जाळी रंगाने बुजेल. जाळी विरळ करू, की मोठा रिपीट घेऊन तीनच बसवू? मग काठ रुंद होईल.

शिवाय रंग आठ, स्क्रीन सहाच. दोन हिरवे एक करेन. दुसरा कुठला काढू? बाह्यरेषेचा मरून सोडवत नाही.