मदत हवी आहे: तिकीट रद्द झाल्याच्या दोन मेल आल्या, दुसरी कार्ड नंबर आणि ओटीपी मागते आहे

अनुजा_डोंबिवली

बाबांनी स्वतःच्या आयआरसीटीसी आयडीवरून कोकणकन्येची ठाणे-कुडाळ अशी तीन स्लीपर तिकिटं काढली होती. तिन्ही वेटिंगवर. चार्ट लागला तरी कन्फर्म झाली नाहीत, तेव्हा आपोआप रद्द झाली. इथवर नेहमीचंच.

रात्री पहिली मेल आली. पीएनआर, भाडं ₹९९०, परत मिळणार ₹८१०, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी. पाठवणाऱ्याचं नाव 'IRCTC Refund Cell', पीएनआर तोच, गाडी तीच, तारीख तीच. पण रक्कम पूर्ण ₹९९०, आणि "तुमचा परतावा अडकला आहे, २४ तासांत कार्डाची पडताळणी करा" म्हणून एक बटण.

बाबांनी बटण दाबून डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. मग ओटीपी आला, तो त्यांनी भरला नाही. मला फोन करून वाचून दाखवला. मेसेजमध्ये ₹१८,५०० आणि कुठल्याशा दुकानाचं नाव होतं.

दुसरी मेल खोटी वाटतेच आहे. पण पीएनआर बरोबर कसा? आणि मी कॉम्प्युटरवर जीमेलच्या तीन टिंबांत जाऊन Show original बघितलं, तर SPF आणि DKIM दोन्हीपुढे PASS लिहिलंय. मग खोटी कशी? पहिली तरी खरी कशावरून?

फलाट_क्र_७

आधी एकच सांगा. तिकिटाचे पैसे कशाने भरले होते?

अनुजा_डोंबिवली

यूपीआयने. बाबांच्या बँक खात्यातून.

फलाट_क्र_७

मग बाकी काही न बघताही दुसरी मेल खोटी. परतावा ज्या वाटेने पैसे गेले त्याच वाटेने उलटा येतो. तुम्ही यूपीआयने भरलेत, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक गेटवेकडे आहे आणि पैसे त्याच खात्यात जमा होतील. कार्डाचा इथे संबंध काय? कार्डाने भरले असते तरी नंबर पुन्हा मागायची गरज नसते, कारण जुन्या व्यवहारावरच उलटी नोंद टाकतात. आणि आपल्या खात्यात पैसे *यायला* बँकेचा ओटीपी लागतच नाही. तो मेसेज नीट वाचा, त्यात १८,५०० *खर्च* करायची परवानगी मागितली आहे.

आता रकमेचं बघा. वेटिंगचं तिकीट आपोआप रद्द झालं तरी माणशी ६० रुपये कापतात. तिघांचे १८०. ९९० वजा १८० म्हणजे ८१०. पहिल्या मेलमधला आकडा हिशोबात बसतो. दुसऱ्या मेलवाल्याला ही कपात माहीतच नव्हती, त्याने भाडं जसंच्या तसं छापलं. ते त्याला कुठून मिळालं? पीएनआर हाती असला की चौकशीच्या पानावर गाडी, तारीख, वर्ग, किती माणसं आणि भाडं कुणालाही दिसतं. लॉगिन लागत नाही. म्हणून पीएनआर बरोबर असणं हा खरेपणाचा पुरावा धरू नका.

तात्या_सातारकर

ओटीपी कधीच कुणाला द्यायचा नाही हे सगळे पोपटासारखं सांगतात, पण ते खरं नाही. आमच्याकडे एजंटकडून तिकीट काढतो. रद्द केलं की मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तो एजंटला दिल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. गेल्या दिवाळीत मी स्वतः दिलाय. रेल्वेचाच नियम आहे. तेव्हा अनुजाताई, ओटीपी मागितला म्हणून मेल खोटी असं समजू नका.

फलाट_क्र_७

तात्या, तुमचं निम्मं बरोबर आहे. अधिकृत एजंटने काढलेल्या तिकिटाला तशी सोय खरंच आहे. एजंटने परतावा परस्पर खिशात घालू नये म्हणून ती आणली. पण तो ओटीपी बँकेचा नसतो, रेल्वेच्या तिकीट यंत्रणेचा असतो. मेसेजमध्ये परत मिळायची रक्कम लिहिलेली असते, आणि ज्याच्याकडून तिकीट काढलं त्या ओळखीच्या माणसाला तो सांगायचा असतो. त्यात कार्ड नंबर कुठेच येत नाही. अनुजाच्या बाबांनी तिकीट स्वतःच्या आयडीवरून काढलंय, त्यांना हा प्रकार लागूच नाही.

तात्या_सातारकर

तेच तर म्हणतोय, ओटीपी द्यावा लागतो.

मी_स्वप्नील

माझाही असाच प्रॉब्लेम आहे. गाडी साडेतीन तास लेट होती म्हणून मी गेलोच नाही, टीडीआर भरला, अजून पैसे नाहीत. मेल वगैरे काहीच आली नाही. कुणाला सांगायचं?

फलाट_क्र_७

स्वप्नील, ते वेगळं आहे. टीडीआरचा निर्णय रेल्वे घेते, वेळ लागतो. वेगळा धागा काढा, तिथे बोलू. आणि कृपा करून पीएनआर इथे टाकू नका.

जुनाबँकर

मेलचं नंतर बघा हो, आधी कार्ड! नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे हे तिन्ही गेलेत. ओटीपी दिला नाही म्हणून भारतातल्या वेबसाइटवरचा व्यवहार अडला. परदेशी वेबसाइट ओटीपी न विचारताही पैसे घेऊ शकतात. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असतील तर दार उघडंच आहे.

बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही बटणं आत्ताच्या आत्ता बंद करा. मग कार्ड कायमचं ब्लॉक करून नवीन मागवा. बँकेचा फोन नंबर अॅपमधून किंवा कार्डाच्या मागून घ्या. गुगलवर शोधलेला नको, मेलमधला तर नकोच नको.

अनुजा_डोंबिवली

दोन्ही बंद केली. पण बाबा म्हणतात, कार्ड ब्लॉक केलं तर ८१० रुपये परत येणार नाहीत, म्हणून ते ब्लॉक करू देत नाहीयेत 🙁

जुनाबँकर

त्यांना सांगा, पैसे खात्यात येतात, कार्डात नाही. यूपीआयने भरलेल्या पैशांचा तर कार्डाशी संबंधच नाही. डेबिट कार्डाने भरले असते तरी कार्ड बदलल्यावर परतावा त्याच खात्यात जमा झाला असता. नोकरीत असताना ही भीती मी कितीतरी लोकांच्या तोंडून ऐकलीये. तिच्यापायी लोक नंबर फुटलेलं कार्ड महिनोन्‌महिने चालू ठेवतात.

रानपाखरू

कायमचं ब्लॉक कशाला? बटणं बंद केली की पुरे. नवीन कार्ड आलं की वीजबिल, विमा, सगळीकडे पुन्हा भरत बसा.

जुनाबँकर

बटण उद्या कुणीतरी कशासाठी तरी चालू करेल, आणि नंबर त्यांच्याकडे राहणारच. पटत नसेल तर तुमची मर्जी.

कोडवाली_पुणे

PASS बद्दल कुणी बोललंच नाही. SPF आणि DKIM मधून कळतं ते इतकंच, की मेल ज्या डोमेनच्या नावाने आली ते डोमेन खरंच तिच्या मागे आहे. ते डोमेन सज्जनाचं आहे की चोराचं, हे त्यात येत नाही. चोराने स्वतःचं डोमेन विकत घेऊन त्यावर DKIM नीट लावलं तर PASS येणारच. दहा मिनिटांचं काम आहे. म्हणून DKIM च्या PASS शेजारी कुठलं डोमेन लिहिलंय ते बघ. दोन्ही मेलमधल्या त्या ओळी इथे टाक. बाबांचा पत्ता खोड, आणि खोट्या डोमेनचा शेवट बदल, कुणी चुकून उघडायला नको.

अनुजा_डोंबिवली

शेवट बदलून टाकते आहे:

```
मेल १  DKIM: 'PASS' with domain irctc.co.in
मेल २  DKIM: 'PASS' with domain refund-claim.example
मेल २ चं बटण:
https://irctc.co.in.refund-claim.example/verify
```

बटणाच्या पत्त्यात irctc.co.in आहे की! बाबांनी तेच बघितलं. शिवाय https आणि कुलूप होतं.

कोडवाली_पुणे

तिथेच फसवतात. पत्ता वाचताना https:// च्या पुढे जो पहिला तिरका दांडा येतो तिथे थांब, आणि तिथून *उजवीकडून डावीकडे* वाच. मालक शेवटी असतो. इथे शेवटी refund-claim.example आहे, तो मालक. त्याच्या डावीकडे तो हवं ते लिहू शकतो, irctc.co.in लिहील नाहीतर rashtrapati लिहील. खऱ्या पत्त्यात irctc.co.in च्या पुढे लगेच दांडा येतो. कुलूप म्हणाल तर ते फक्त मधल्या वाटेत कुणी वाचत नाहीये एवढंच सांगतं. चोराच्या घरालाही कुलूप असतंच.

पहिल्या मेलवर DKIM irctc.co.in चं आहे, म्हणजे ती खरी. पण एक सांगते, मी याच्यावर सगळा भार टाकत नाही. खऱ्या कंपनीचं मेल खातं कुणी हॅक केलं तर डोमेनही खरं दिसेल आणि PASS ही येईल. परदेशी हॉटेल बुकिंगमध्ये हे झालंय. हॉटेलच्या लॉगिनमध्ये शिरून बुकिंग साइटच्याच चॅटमधून "कार्ड पडताळा नाहीतर बुकिंग रद्द" असे मेसेज पाठवले गेले. तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता तपासून काय हाती लागणार?

फलाट_क्र_७

म्हणूनच मी मेल उघडण्याआधी खातं उघडतो. स्वतः पत्ता टाइप करून किंवा अॅपमधून लॉगिन करायचं, My Transactions मध्ये Booked Ticket History, तिथे ते तिकीट. रद्द झालं का, परताव्याचं काय झालं, तिथे दिसतं. मेलमध्ये एक आणि खात्यात दुसरं असेल तर खात्यातलं खरं. खऱ्या मेलला तुमच्याकडून काही नकोच असतं. ती वाचली नाही तरी पैसे येतात.

अनुजा_डोंबिवली

लॉगिन करून बघितलं. परतावा ₹८१० दाखवतोय, अडकल्याचं काही नाही. कार्डही ब्लॉक केलं. बाबा तासभर रुसले होते, पण झालं. ८१० अजून खात्यात दिसत नाहीत.

जुनाबँकर

दोन-चार कामाचे दिवस थांबा. नाही आले तर यूपीआयच्या मूळ व्यवहाराचा बारा आकडी आरआरएन बँकेला द्या, ते त्यावरून शोधतात. पैसे गेले नसले तरी cybercrime.gov.in वर प्रयत्नाची नोंद करून ठेवा. उद्या त्या कार्डावर काही निघालंच तर आधी कळवल्याचा कागद हाती असेल. एखादा रुपया जरी गेलेला दिसला तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा.

रानपाखरू

पण त्यांना पीएनआर आणि मेल आयडी मिळाला कुठून, हे राहिलंच की. रेल्वेकडूनच फुटला असणार, दुसरं काय!

अनुजा_डोंबिवली

पीएनआरचं समजलं. आत्येभावाने "गणपतीत वेटिंग कधी संपणार" म्हणून एक्सवर रेल्वेला टॅग करून तिकिटाचा स्क्रीनशॉट टाकला होता, पीएनआरसकट. तो काढायला लावला. पण त्या स्क्रीनशॉटमध्ये बाबांचा मेल आयडी नाहीये, मी मोठा करून बघितला.

कोडवाली_पुणे

आत्येभावाच्या प्रोफाइलवर फोन नंबर आहे का? की बाबांनी त्या पोस्टखाली काही लिहिलं होतं? असल्या तक्रारींवर टपून बसलेली खाती असतात. खाली "सर, मेल आयडी पाठवा, मदत करतो" म्हणतात, नाव आणि लोगो रेल्वेचाच लावलेला असतो.

अनुजा_डोंबिवली

बाबा म्हणतात नाही. आत्येभाऊ फोन उचलत नाहीये. कळलं की लिहिते.