मदत हवी आहे: वर्तुळ कापून आयत केला, पण मोजला तर १५४ येतच नाही

रेघोटी
आठवीला वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवते आहे. सूत्र फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून मुलांना पुठ्ठाच कापायला दिला. त्रिज्या ७ सेंमी, सोळा सारख्या पाकळ्या, एकीचं टोक वर तर दुसरीचं खाली अशा शेजारी शेजारी चिकटवल्या. मग मी नेहमीचं वाक्य टाकलं: हा जवळजवळ आयत, लांबी अर्धा परीघ म्हणजे २२, उंची ७, झाले १५४.

एका मुलीनं गुपचूप फुटपट्टी लावली. खालच्या कडेची लांबी २१.८ भरली. उंची खालच्या खाचांच्या ओळीपासून वरच्या खाचांच्या ओळीपर्यंत सरळ मोजली, ती ६.९. गुणाकार साधारण १५०. "बाई, चार कुठे गेले?" मी म्हटलं, कापताना इकडेतिकडे झालं असेल. पण तिचं कापकाम माझ्यापेक्षा सुबक आहे, त्यामुळे ते उत्तर मलाच पटलेलं नाही. काय सांगायला हवं होतं?

खडूफळा
कापण्यातलीच चूक. घड्या घालून सोळा भाग केलेत का? चौथ्या घडीला कागद जाड होतो आणि मधला बिंदू सरकतो, पाकळ्या लहानमोठ्या होतात. कोनमापकानं साडेबावीस अंश आखून घ्या. आणि सोळावर थांबू नका, बत्तीस करा, चौसष्ट करा. तुकडे बारीक झाले की वाकडी कड सरळ होतेच. २२/७ घेतलं की नेमके १५४ येतात, म्हणजे पद्धत अचूकच आहे.

दोन_पोरांचा_बाप
हा गोंधळ परिमितीचा असावा. आमच्या मोठ्याच्या वहीत प्रश्न होता: वर्तुळाचा असा आयत केला तर परिमिती किती वाढेल? त्यानं लिहिलं, काहीच नाही, पुठ्ठा तोच आहे. गुण गेले. मीही त्याच्याच बाजूनं भांडायला निघालो होतो! मग लक्षात आलं की दोन्ही टोकांना कापलेल्या कडा उघड्या पडतात. परीघ ४४ होता, त्यात ७ आणि ७ मिळवून ५८ झाले.

कर्कटक
दादा, तुमचं बरोबर आहे, पण ताईंचा प्रश्न वेगळा आहे. तिथे क्षेत्रफळच कमी भरतंय.

रेघोटीताई, त्या मुलीनं अगदी बरोबर मोजलंय. तिनं फुटपट्टी खाचेपासून खाचेपर्यंत ठेवली, म्हणजे कंस न मोजता जीवा मोजल्या. साडेबावीस अंशांच्या पाकळीची जीवा २.७३ येते, अशा आठ म्हणजे २१.८५. उंचीचंही तसंच. कापाच्या रेषेवर मोजाल तर पूर्ण ७ मिळतील, पण ती रेषा तिरकी आहे. सरळ उभी उंची ६.८७. गुणाकार १५०.

आता राहिलेले चार. प्रत्येक पाकळीची फुगी जीवेच्या बाहेर राहते, आठ फुग्या वर आणि आठ खाली. एकेका फुगीचं क्षेत्रफळ पाव चौरस सेंटिमीटरला थोडं कमी, ०.२४५. सोळा फुग्यांचे ३.९ झाले. १५० आणि ३.९ मिळून १५३.९, म्हणजे काही हरवलेलं नाही. तिला त्या फुग्या पेन्सिलीनं रंगवायला सांगा, तिचे चार तिथेच सापडतील.

खडूफळा सर, चौथ्या घडीबद्दल मान्य. पण १५४ हा आकडा पाकळ्यांनी दिलेला नाही, २२/७ नं दिलाय. खरं क्षेत्रफळ १५३.९४ आहे.

एक सवय लावून बघा: कापण्याआधी अर्ध्या वर्तुळाची कड लाल आणि अर्ध्याची निळी करा. लाल पाकळ्या टोक वर करून, निळ्या टोक खाली करून लावल्या की खालची कड अख्खी लाल आणि वरची अख्खी निळी होते. लांबी पूर्ण परिघाएवढी धरून दुप्पट क्षेत्रफळ काढणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. रंग पाहिल्यावर ती आपणहून सुधारतात.

रेघोटी
फुग्या रंगवल्या. त्या मुलीचं समाधान झालं, पण नवीन संकट आलं. मी खडूफळा सरांचं वाक्य वर्गात जसंच्या तसं म्हटलं, बारीक केलं की वाकडी कड सरळ होते. मागच्या बाकावरच्या मुलानं फळ्यावर १० सेंमी बाजूचा चौरस काढला आणि कर्णाच्या जागी जिना. "बाई, पायऱ्या कितीही बारीक केल्या तरी जिन्याची लांबी २०च राहते. दिसायला तो कर्णासारखा दिसतो, पण कर्ण तर १४.१ आहे. मग आपली नागमोडी कड सरळ झाल्यावर २२ च्या जवळ येते हे कशावरून?" मी सोमवारी सांगते म्हटलं.

खडूफळा
हे पोरगं कोण आहे! मी ते वाक्य वीस वर्षं म्हणतोय, मला कुणी जिना दाखवला नाही.

कर्कटक
त्याची शंका रास्त आहे. दिसायला जवळ जाणं लांबीसाठी पुरत नाही, कडेचा कलही जुळावा लागतो. जिन्याची पायरी कितीही लहान करा, ती कर्णाशी ४५ अंशांतच राहते. आपली फुगी खाचेपाशी फुटपट्टीशी जो कोन करते तो पाकळीच्या कोनाच्या निम्मा असतो. सोळा पाकळ्यांना ११.२५ अंश, बत्तीसला ५.६, चौसष्टला २.८. कल विझत जातो, म्हणून लांबीही जुळत जाते. जीवांची बेरीज करून बघा: आठ पाकळ्यांना २१.४३, सोळाला २१.८५, बत्तीसला २१.९६, आणि अर्धा परीघ २१.९९. वर्गात आठ आणि सोळाचे पुठ्ठे शेजारी ठेवा, फुगीचा चपटेपणा डोळ्यांना दिसतो.

क्षेत्रफळापुरतं आणखी सोपं जमेल. त्या मुलीला दोन उंच्या मोजायला सांगा: खाचेपासून खाचेपर्यंत ६.८७ आणि फुगीपासून फुगीपर्यंत ७.१३. लांबी दोन्हीकडे २१.८५. एक गुणाकार १५०, दुसरा १५५.९, आणि खरं क्षेत्रफळ या दोघांच्या मध्ये अडकलेलं. बत्तीस पाकळ्यांना तीच चिमटी १५२.९५ आणि १५४.४ होते.

भूमिती_नको_रे
मग सरळ म्हणा ना, ही सिद्धता नाही, हातचलाखी आहे. नुसत्या चित्रावर विश्वास ठेवायला मुलांना का शिकवायचं?

कर्कटक
हातचलाखी म्हणणं जड जातं. आर्यभटानं ४९९ मध्ये नियमच असा दिलाय: अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास. तुमच्या पुठ्ठ्याची लांबी आणि उंची हीच की. आणि लीलावतीवरच्या १५४५ च्या टीकेत गणेश दैवज्ञानं दोन अर्धवर्तुळांच्या पाकळ्या उलगडून एकमेकींत बसवायला सांगितल्यात. चित्र खोटं नाही, चिमटीशिवाय अपुरं आहे एवढंच.

भूमिती_नको_रे
अपुरं तर अपुरं. पण मग "बरोबर २२" म्हणू नका, "२२ कडे जातं" म्हणा.

रेघोटी
ते मान्य. सोमवारी दोन पुठ्ठे नेते, आठचा आणि सोळाचा, आणि दोन्ही उंच्या त्यांनाच मोजायला लावते. जिन्याचं उत्तर सगळ्या वर्गाला सांगावं की त्या मुलाला वेगळं, हे अजून ठरत नाहीये. कलाची गोष्ट काढली तर निम्मा वर्ग सूत्रच विसरेल अशी भीती वाटते. कुणी आठवीत हे केलंय का?

दोन_पोरांचा_बाप
वर्गालाच सांगा ताई. आमच्या धाकट्याला आत्ता विचारलं, तो म्हणतो जिना टोचतो आणि फुगी टोचत नाही.