अँटी-डी घेतल्यानंतर आयसीटी किंचित पॉझिटिव्ह: मदत हवी आहे

माझ्या गरोदर बहिणीचा रक्तगट ओ निगेटिव्ह, तर मेहुण्यांचा बी पॉझिटिव्ह आहे. बाळाच्या पॉझिटिव्ह पेशी आईच्या रक्तात मिसळल्या की तिचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते आणि ती एकदा तयार झाली की इंजेक्शनचा उपयोग उरत नाही. म्हणूनच 24व्या आठवड्यात रक्तस्राव होताच, 72 तासांच्या आत, तिला ही प्रतिपिंडे तयार होऊ न देणारे अँटी-डी इंजेक्शन 300 मायक्रोग्रॅम देण्यात आले. त्याआधीची आयसीटी, म्हणजे आईच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आहेत का हे पाहणारी चाचणी, निगेटिव्ह होती, परंतु 28व्या आठवड्याच्या नेहमीच्या डोसपूर्वी केलेली तपासणी किंचित पॉझिटिव्ह आली आहे. ही प्रतिपिंडे इंजेक्शनातूनच आलेली आहेत की तिच्या शरीराने बनवलेली, हे टायटर, म्हणजे प्रतिपिंडांचे प्रमाण, पुन्हा तपासून कसे ठरवतात, आणि तोवर हा डोस लांबवणे योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.