मदत हवी आहे: निरोपाच्या भाषणातल्या ‘माहेर’चं इंग्रजी कसं करू?

सहकारी ताई निवृत्त होत आहेत. भाषण मराठीतच होईल, साधारण चार मिनिटांचं. परदेशातल्या सहकाऱ्यांसाठी इंग्रजी भाषांतर त्याच वेळी पडद्यावर दिसेल. एका वेळी दोनच ओळी मावतात, त्यामुळे तळटीप देता येणार नाही.

बाकीचं बरंचसं जमलंय. ‘हाताला धरून शिकवलं’ शब्दशः विचित्र वाटलं, म्हणून ‘धीराने, एकेक पायरी’ असं केलं. ‘त्या शांत स्वभावाच्या होत्या’ याचं साध्या भूतकाळातलं इंग्रजी तर थेट श्रद्धांजलीसारखं वाचलं जात होतं, तिथे ‘हॅज ऑलवेज बीन’ घातल्यावर ठीक झालं. ‘ताई’ तसंच ठेवलंय, पहिल्या वाक्यात ‘थोरली बहीण’ असा अर्थ ओघात सांगून.

अडलंय ते शेवटच्या वाक्यावर: ‘ताई, तुमच्या टेबलाशी आलं की माहेरी आल्यासारखं वाटायचं.’

‘कमिंग होम’ लिहिलं तर फक्त घर उरतं. सासरच्या जबाबदाऱ्या उंबऱ्याबाहेर ठेवून दोन दिवस लेक म्हणून राहण्याची मोकळीक त्यात येत नाही, आणि वाक्याचा जीव तोच आहे. ‘मदर्स हाउस’ म्हटलं तर ताईंना आई म्हटल्यासारखं होतं. ‘माहेर’ तसाच ठेवून अर्थ सांगितला तर ओळी चार होतात.

मराठी वाक्य बदलायचं नाही, ते ताईंसाठी आहे. मग दोन ओळींत ती मोकळीक पोहोचवणारं इंग्रजी कसं लिहाल? की ‘माहेर’ची ओळख भाषणात आधीच कुठेतरी करून द्यावी, आणि द्यायची तर नेमकी कुठे?